नोंदवहीतले आडनाव

पुणे-नगर रस्त्यावर भीमा नदीच्या काठी कोरेगावचा स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतल्या २२ नावांचा शेवट ‘नाक’ने होतो. नावाची घडण सगळीकडे सारखीच आहे : आधी शिपायाचे नाव, मग बापाचे, आणि दोन्हींच्या मागे ‘नाक’. हे महार शिपाई होते, हे आपल्याला त्या ‘नाक’वरूनच कळते. आडनाव एकाचेही नाही.

महाराष्ट्रातल्या दलित कुटुंबांनी आडनावे का बदलली, याचा शोध या दगडापासून सुरू करावा लागतो. कारण ‘आडनाव बदलले’ असे आपण सहज म्हणतो तेव्हा सरकारदरबारी आधी एक ठाम आडनाव होते, असे गृहीत धरलेले असते. पुष्कळ घराण्यांच्या बाबतीत ते खरे नव्हते. कांबळे, साळवे, गायकवाड, जाधव, सकपाळ अशी कुळांची नावे घरात आणि सोयरिकीत चालत होती; लग्न जुळवताना ती विचारावीच लागत. पण गावच्या दप्तरात माणूस ‘सखाराम बिन गोविंद महार’ असा उतरे. आडनावाच्या जागी जात बसलेली असे. पाटील-कुलकर्ण्याला तेवढेच हवे होते, कारण कोणाकडून कोणते काम घ्यायचे आणि कोणाला कोणते बलुते द्यायचे हे त्या शेवटच्या शब्दावरून ठरत होते.

म्हणून पुढे जे घडले ते दोन टप्प्यांत समजून घ्यावे लागते. पहिल्या टप्प्यात ‘नाक’ आणि ‘महार’ यांच्या जागी आडनाव आले. दुसऱ्या टप्प्यात काही कुटुंबांनी ते आडनावही बदलले. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. धर्मांतर झाले ते या दोन्हींची सुरुवात झाल्यानंतर, १९५६ मध्ये. सगळे श्रेय किंवा सगळा दोष धर्मांतराला देणारे लेखन हा क्रमच उलटा करून टाकते.

पहिला टप्पा लष्करात दिसतो. गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. फौजेतून निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले, जोतीराव फुल्यांच्या विचारांनी प्रेरित होऊन त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहायला सुरुवात केली, आणि १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका आणि पाठोपाठ ‘विनंतीपत्र’ लोकांपुढे ठेवले. त्यांचे पूर्ण नाव ‘गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर’ असे मिळते. या एका नावात दोन काळ शेजारी उभे आहेत. पहिले दोन शब्द कोरेगावच्या स्तंभावर सहज शोभले असते. तिसरा शब्द मात्र तिथे कुठेच नाही. तो ‘कर’ लावून बनवलेला आहे, आणि कोकणात ‘कर’ हे ब्राह्मणापासून कोळ्यापर्यंत सगळ्यांचे आहे. वलंगकरांनी ‘नाक’ टाकून दिले नाही. त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे ते मानतच नव्हते. महार हे या भूमीचे मूळचे लोक आहेत असे तर ते हिरिरीने मांडत. त्यांनी फक्त पुढे एक शब्द जोडला. माझ्या मते या जोडण्यात लष्करी कागदाचा मोठा हात आहे. हजेरीपट, पगारपत्रक, पेन्शनीचा कागद यांना एका रामनाकापासून दुसरा रामनाक वेगळा काढावा लागतो. गावाला तशी गरज नव्हती, फौजेला होती.

याच दापोली-मंडणगड पट्ट्यातले दुसरे लष्करी घराणे मालोजी सकपाळांचे. मालोजी फौजेत होते, त्यांचा मुलगा रामजी सुभेदार झाला. गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जुन्या लेखनात त्याचा उच्चार ‘अंबावडे’ असाही येतो. रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब महूहून दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. धाकटा मुलगा भिवा हा १४ एप्रिल १८९१ चा, महूला जन्मलेला.

आता साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलची नोंदवही पाहू. आजचे हे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या मुलाचे नाव तिथे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे, नोंदीचा क्रमांक १९१४. हीच तारीख महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून ठरवली. नऊ वर्षांच्या मुलाच्या नावात ‘सकपाळ’ नाही, ‘नाक’ नाही आणि गावाच्या नावावरून सरळ बनणारे ‘आंबडवेकर’ही नाही.

इथे दोन साक्षी जुळवून घ्याव्या लागतात. चरित्रकार सांगतात की वडिलांनी गावावरून ‘आंबडवेकर’ किंवा ‘अंबावडेकर’ असे आडनाव घेतले होते. स्वतः बाबासाहेबांनी आठवणीत सांगितले आहे की आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, त्यांनी मुलावर माया केली, आपल्या डब्यातली भाजी-भाकरी दिली, आणि लांबलचक आडनाव उच्चारायला अवघड म्हणून हजेरीत आपलेच आडनाव लावून दिले. पुढे गोलमेज परिषदेला निघताना याच गुरुजींनी पाठवलेले पत्र त्यांनी जपून ठेवल्याचेही ते सांगतात. आठवण प्रौढपणी सांगितलेली आहे. नोंदवही त्या दिवसाची आहे. नोंदवहीत दाखल्याच्या तारखेलाच ‘आंबेडकर’ दिसते, म्हणून काही अभ्यासक गुरुजींच्या गोष्टीवर शंका घेतात. मला तशी गरज वाटत नाही. शाळेच्या नोंदवह्या पुष्कळदा मागाहून स्वच्छ उतरवल्या जातात, आणि आधीची हजेरी वेगळी असू शकते. महत्त्वाचे ते याच्या आधी घडून गेले आहे. सकपाळपासून गावनावाकडे येणे ही मोठी उडी, आणि ती वडिलांची आहे. ‘आंबडवेकर’चे ‘आंबेडकर’ होणे हा त्यातला छोटा फेरफार, तो शाळेचा. गुरुजींच्या प्रेमाची गोष्ट लोकांना आवडते म्हणून सुभेदारांचा निर्णय मागे पडतो, हे काही न्याय्य नाही.

सुभेदारांनी हे का केले असावे? जात लपवण्यासाठी, असे उत्तर पटकन तोंडावर येते. पण सकपाळ हे कोकणात मराठ्यांचेही आडनाव आहे. त्यावरून कोणाला महार ओळखता आले असते असे नाही. लपवणे एवढेच कारण असते तर सकपाळ राहिले असते तरी चालले असते. मला दिसते ते असे : मुलगा सरकारी इंग्रजी शाळेत जाणार, पुढे दुसऱ्या गावात, दुसऱ्या शहरात जाणार, कुळाचे नाव सोयरिकीपुरते, आणि जगात वावरायला गावाचे नाव. कोकणातून मुंबईला गेलेल्या सगळ्याच जातींच्या माणसांनी हेच केले. फौजेतल्या माणसाला तर कंपनीपासून छावणीपर्यंत ‘कुठला’ याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. रामजींनी मुलाला इतरांसारखेच उत्तर दिले.

पण आडनावाने वर्गातली जागा बदलली नाही. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास आपल्या हाताने लिहून ठेवलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सगळे स्वच्छ सांगितले आहे; हे हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापले. वर्गात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शाळा झाडणारा नोकर ते गोणपाट शिवायचा नाही, म्हणून संध्याकाळी घरी न्यावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. नोंदवहीत ब्राह्मण गुरुजींचे आडनाव आणि बुडाखाली गोणपाट, अशी एकाच मुलाची एकाच शाळेतली स्थिती होती. कारण सातारा लहान होते. तिथे मुलाला नावाने ओळखण्याची वेळच येत नव्हती, घराने ओळखत.

याच आठवणींतला १९०१ चा प्रसंग आडनावाची मर्यादा अधिक नेमकी दाखवतो. वडील तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर होते. सुट्टीत मुले रेल्वेने मसूरला उतरली. चांगले कपडे, जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. तो आपुलकीने चौकशी करू लागला. मग त्याने विचारले, कोण तुम्ही? मुलाने विचार न करता सांगितले, महार. मास्तर मागे सरकला. त्यानंतर भाड्याची गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचे, असे ठरले. रात्री नाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा मुलाने गाडीवाल्याने शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे सांगितले, उर्दूतही बोलून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. या साऱ्यात आडनाव कुठे आले? कुठेच नाही. कोणी विचारलेच नाही. त्या काळी अनोळखी माणसाला ‘तुमचे आडनाव काय’ असे आडवळणाने विचारत नसत, सरळ ‘कोण तुम्ही’ विचारत. आडनावाचे कवच उपयोगी पडायला प्रश्न आडवळणाने विचारणारा समाज लागतो, आणि तो शहरात तयार होत होता.

म्हणून आडनावाचा उपयोग आधी शहरातल्या हजेरीपटावर झाला. गिरणी, रेल्वे, गोदी इथल्या मुकादमाला नाव आणि गाव हवे होते. तिथे जातीचा शोध थांबला नव्हता. गिरणीतल्या ज्या खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओलावून जोडावा लागे त्या विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, हे सर्वश्रुत आहे. पण कागदावरचे नाव तरी बाकीच्यांसारखे झाले.

कागद आणि माणूस यांच्यातली दरी किती जीवघेणी असते याचा दाखला १९१७ च्या बडोद्यात आहे. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले भीमराव संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कोणी देईना. पारशांच्या धर्मशाळेत त्यांनी राखणदाराशी बोलणी केली. तिथे पारशाखेरीज कोणाला ठेवायचे नाही असा नियम होता, पण बाकी पाहुणे नव्हते आणि राखणदाराला पैशाची गरज होती. तोडगा निघाला तो असा, की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. दिवसाला दीड रुपया ठरला. एका मोठ्या अंधाऱ्या दिवाणखान्याशेजारी एकट्याने रात्री काढत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी येऊन उभे राहिले, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. डॉक्टरेटच्या वाटेवरचा विद्वान माणूस स्टेशनजवळच्या बागेत बसून रडला. साताऱ्याच्या नोंदवहीने त्याला नवे आडनाव दिले होते. बडोद्याच्या नोंदवहीने त्याला दुसऱ्या धर्माचे नाव लिहायला लावले. दोन्हीकडे लिहिलेल्याने माणूस वाचला नाही.

हा अनुभव बाबासाहेबांच्या पुढच्या विचारात थेट उतरला, असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अस्पृश्य जाती समूहाचे नाव बदलत होत्या. शिवराम जानबा कांबळे यांच्या मासिकाचे नावच ‘सोमवंशीय मित्र’ होते. काही महार स्वतःला चोखामेळा म्हणवीत. चांभार रविदास, भंगी वाल्मीकी. गांधीजींनी ‘हरिजन’ रूढ केले. ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या आपल्या हयातीत न छापलेल्या निबंधात बाबासाहेब या नामांतरांची यादी देतात आणि सांगतात की हे लोक आपापला मुलूख सोडून गेले की स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. नाव बदलण्याची ओढ त्यांना क्षुल्लक वाटत नाही. नावात काय आहे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर आहे : नावातच समाज तुमच्याशी कसे वागणार ते ठरलेले असते. पण हिंदू समाजातच राहून घेतलेले नवे नाव टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे. चोखामेळा म्हणजे कोण, असे समोरचा विचारणारच, आणि शेवटी महार म्हणावेच लागणार. ज्या नावापुढे चौकशी थांबते असे नाव जातीच्या चौकटीबाहेरच मिळू शकते. ३१ मे १९३६ रोजी मुंबईत नायगावला महार परिषदेपुढे केलेल्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणातही, धर्मांतर म्हणजे केवळ नामांतर, या आक्षेपाला त्यांनी याच अंगाने उत्तर दिले. आणि इतरांनी दिलेले नाव त्यांना मान्य नव्हते : जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयकात ‘हरिजन’ शब्द घालायला विरोध करून ते आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून गेले.

मात्र यात एक बारीक गोष्ट आहे. बाबासाहेब जातीच्या आणि धर्माच्या नावाबद्दल बोलत होते, आडनावाबद्दल नाही. त्यांनी अनुयायांना आडनाव टाकायला सांगितले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये देवदेवतांचा त्याग आहे, श्राद्ध-पिंडदानाचा त्याग आहे, समतेची शपथ आहे. नाव-आडनावाबद्दल एक अक्षर नाही. गोव्यात सोळाव्या शतकात बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नाव-आडनाव मिळे, ते बहुधा धर्मपित्याचे, म्हणून एकाच वांगडातले भाऊबंद वेगवेगळ्या आडनावांचे झाले. नागपूरच्या मैदानावर लाखो लोकांच्या सामुदायिक दीक्षेत प्रत्येकाचे नाव लिहिणारी वही नव्हती. धर्म बदलला म्हणून आडनाव बदललेच पाहिजे असे कुठेच नसते. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि अखेरपर्यंत टिळकच राहिले. त्या आडनावाने त्यांचे काही अडत नव्हते. आडनाव टाकण्याची निकड त्याला, ज्याला ते महाग पडते.

आकडे पाहिले तर धर्माची नोंद किती झपाट्याने बदलली हे कळते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. घरोघर जाणाऱ्या प्रगणकाला लोकांनी ‘बौद्ध’ लिहायला लावले. पण याच घरांत आडनावे बहुतांशी होती तीच राहिली. बदलली ती पहिली नावे. दगडू, धोंडू, कचरू अशी नावे हटली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा आली. मुलाचे नाव ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही, कोणता जुना कागद बदलावा लागत नाही. आडनावाचे तसे नाही. ते जमिनीच्या उताऱ्यावर असते, वडिलांच्या पेन्शनीवर असते, थोरल्या भावाच्या दाखल्यावर असते. एकट्याने बदलून चालत नाही. उत्तर भारतात ‘गौतम’, ‘बौद्ध’ ही आडनावे म्हणून बरीच रुळली. महाराष्ट्रात तसे कमीच घडले, कारण इथली जुनी आडनावे निदान अर्धी तरी मराठ्यांशी, माळ्यांशी सामाईक होती आणि त्यांतून जात थेट वाचता येत नव्हती. ज्या मोजक्या आडनावांवरून लोक जात ताडत, ती बदलण्याकडे कल अधिक, आणि ती बदलून बहुधा ‘कर’ लावलेले गावनाव घेतले जाई. म्हणजे रामजी सुभेदारांचीच वाट.

कायद्यानेही एक गाठ मारून ठेवली होती. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचे मानले जात नव्हते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा व्हायला १९९० उजाडले. मधली ३४ वर्षे केंद्राच्या सवलती धर्मांतरितांना बंद होत्या. राज्यापुरत्या सवलती महाराष्ट्र सरकारने दिल्या. या काळात घरातल्या एका मुलाच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, धाकट्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’, असे चित्र अगदी नेहमीचे झाले. धर्माच्या रकान्यातच इतका गुंता असताना आडनावाचा दुसरा गुंता कोण ओढवून घेणार?

ज्यांनी बदलले त्यांचा कागद शासनाच्या राजपत्रात सापडतो. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाच्या सूचना छापल्या जातात. धर्मबदलाच्या आणि जन्मतारखेच्याही. नोंद आटोपशीर असते : जुने नाव, नवे नाव, पत्ता. कारण छापत नाहीत. त्याच पानावर लग्नानंतर नाव बदललेल्या बायका असतात, स्पेलिंग सुधारून घेणारे असतात, ज्योतिषावरून नाव बदलणारे असतात. म्हणून राजपत्रातली नावबदलाची नोंद म्हणजे जात टाकल्याचा पुरावा, असे मोजदाद करणाऱ्याने धरू नये. त्या नोंदीशेजारी घरातला दुसरा कागद मिळाला तरच कारण कळते.

तो दुसरा कागद कसा लागतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाने १९५८ मध्ये मुंबईत नोकरीला लागताना कांबळे हे आडनाव टाकून गावनाव लावले. ही आज त्याच्या नातीच्या जात पडताळणीची गोष्ट आहे. २००१ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे तिला वैधता प्रमाणपत्र हवे आहे. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे. म्हणजे त्याआधीचा, जात लिहिलेला कागद हवा. आजोबांच्या शाळेचा दाखला नाही, कारण ते शाळेत गेलेच नाहीत. मग तहसील कचेरीतून गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल काढायची. त्यात १९३२ चा जन्म ‘गोविंद महार यास मुलगा’ एवढाच निघतो. मुलाचे नाव नाही, आडनाव नाही. नोंद मोडीत असली तर वाचणारा शोधावा लागतो. दुसरीकडे नातीचा दाखला गावनावाच्या आडनावाचा आणि ‘बौद्ध’ असा आहे. या दोन टोकांना जोडायला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, चुलत घराण्यातल्या कोणाचा तरी ‘कांबळे’ लिहिलेला आणि आधी वैध ठरलेला कागद, आणि १९५८ चे राजपत्र किंवा त्या वेळचे प्रतिज्ञापत्र लागते. बदल फक्त हजेरीपटावर झाला असेल, राजपत्र केलेच नसेल, तर साखळी इथेच तुटते. अशा प्रकरणांत अडचण उद्भवते ती बहुधा इथे, जात खरी असूनही.

 ही अडचण मला इतिहासाच्या अंगाने महत्त्वाची वाटते. ज्या ‘महार’ शब्दापासून सुटण्यासाठी दोन-तीन पिढ्यांनी नावे बदलली, तोच शब्द आता न्याय मिळवण्यासाठी कागदात शोधावा लागतो. म्हणून वतनाच्या नोंदी, लष्करी पेन्शनीचे कागद, शाळेची जनरल रजिस्टरे यांची किंमत वाढली आहे. महार वतन रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा, अंमल १ फेब्रुवारी १९५९ पासून. बाबासाहेबांनी त्यासाठी १९२८ मध्येच विधेयक मांडले होते. त्या वतनांची दप्तरे अनेक तालुक्यांत अजून गाठोड्यांत आहेत, आणि घरोघरची मूळ कुळनावे तिथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

तेव्हा ज्या वाचकाच्या घरी आडनाव बदललेले आहे त्याला एवढेच सांगणे आहे. घरातल्या थोरल्यांना आजच विचारा : जुने आडनाव कोणते, कोणी बदलले, कोणत्या साली, कुठल्या कागदावर पहिल्यांदा नवे लिहिले. उत्तर त्यांच्यासमोर लिहून त्यांची सही घ्या. जीर्ण दाखला, पेन्शन बुक, लग्नाची पत्रिका, मोडीतला एखादा फाटका कागद असेल तर त्याची छायाप्रत काढून दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कापडात किंवा कागदी पाकिटात ठेवा. कोतवाल बुकाची नक्कल गरज पडण्याआधीच तहसीलमधून काढून घ्या. त्या वह्या दर पावसाळ्यात विरत चालल्या आहेत.